मेहुण्याला दीड लाख: नातेवाइकाला पैसे देताना रक्कम कशी ठरवावी आणि कागद कसा करावा

नातेवाइकाने पैसे मागितले की बहुतेक जण आपल्या खात्यात किती शिल्लक आहे हे पाहतात आणि मागितलेल्या रकमेच्या जवळपास जाणारा आकडा सांगून मोकळे होतात. वास्तविक शिल्लक किती आहे हा प्रश्न दुय्यम आहे. त्यातली किती रक्कम कायमची गेली तरी घर चालू राहील, हे आधी ठरवावे लागते, कारण हातउसने दिलेले पैसे परत मिळण्याची हमी कोणताही कागद देत नाही. कागदाचे काम वेगळे आहे. पैसे उसने दिले होते, आहेर म्हणून दिले नव्हते, आणि ते कधी परत यायचे होते, याबद्दल तीन वर्षांनी वाद होऊ नये यासाठी तो असतो. मी फोंड्यातील एका पतसंस्थेत अनेक वर्षे कर्जाचे अर्ज तपासले आहेत आणि घरातल्यांनाही दोन-तीन वेळा पैसे दिले आहेत. पहिल्या वेळी मी काहीच लिहून घेतले नव्हते. ते पैसे परत आले, पण हिशेब माझ्याप्रमाणे वेगळा आणि पैसे घेणाऱ्याप्रमाणे वेगळा निघाला, आणि पुढची दोन वर्षे चवथीला एकमेकांच्या घरी जाताना उगाच अवघडल्यासारखे होत असे.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. फोंड्यात राहणारे एक शिक्षक आहेत, त्यांची पत्नी घरी शिकवण्या घेते आणि मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्नीचा धाकटा भाऊ पेडणे तालुक्यात मोरजीला एक छोटी खाणावळ चालवतो. जुलै महिन्यात तो बहिणीच्या घरी येऊन म्हणतो, “भावोजी, सीझन सुरू व्हायच्या आत किचन वाढवायचे आहे, चार लाख कमी पडतात, सीझन संपला की सगळे परत देतो.” आकडे मी ठरवलेले आहेत, पण अशी मागणी गोव्यात जून-जुलैमध्ये किती घरांत येत असेल हे सांगायला नको.

त्याच दिवशी आकडा सांगू नये

शिक्षकांनी त्या दिवशी फक्त एवढेच म्हणावे की विचार करून रविवारी सांगतो. मधल्या दिवसांत दोन गोष्टी करायच्या असतात. पहिली म्हणजे पती-पत्नींनी मेहुण्याच्या अनुपस्थितीत बोलणे. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो, त्यामुळे ठेवीची पावती पतीच्या एकट्याच्या नावावर असली तरी उसने जाणाऱ्या रकमेतली अर्धी रक्कम पत्नीचीच असते. इथे मागणारा तिचा सख्खा भाऊ आहे, म्हणून तिची अडचण दुहेरी असते. भावासमोर नाही म्हणणे तिला शक्य नसते आणि पतीसमोर हो म्हणताना तिला संकोच वाटतो. तिने मोकळेपणाने आकडा सांगावा यासाठी ही चर्चा दोघांतच व्हावी लागते, आणि त्यानंतर बाहेर सांगताना निर्णय दोघांचा म्हणूनच सांगावा.

दुसरी गोष्ट म्हणजे मेहुण्याला काही साधे प्रश्न विचारणे. पैसे नेमके कशाला लागणार, कोणाला द्यायचे आहेत, बाकीची रक्कम कुठून येणार आणि सध्या महिन्याला कोणकोणते हप्ते जातात, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. हे विचारण्यात अविश्वास नाही. ज्याला खरोखर काम करायचे आहे त्याच्याकडे स्वयंपाकघराच्या उपकरणांचे दरपत्रक आणि गवंड्याचा अंदाज असतोच, आणि जो “ते मग बघू” म्हणतो त्याला पैसे बहुधा जुने देणे फेडायला हवे असतात. जुने देणे फेडायला पैसे देणेही योग्य ठरू शकते, पण मग तसे माहीत असले पाहिजे.

बुडाले तरी चालतील अशी रक्कम

आता शिक्षकांच्या घरचा हिशेब मांडू. बचत खात्यात 1,80,000 रुपये आहेत आणि दोन-दोन लाखांच्या तीन मुदत ठेवी आहेत, म्हणजे हाताशी येऊ शकणारी रक्कम 7,80,000 होते. भविष्य निर्वाह निधी, पत्नीचे दागिने आणि वडिलोपार्जित घरातला वाटा यात धरायचा नाही, कारण ते विकून किंवा मोडून नातेवाइकाला पैसे देण्याची वेळ आली तर ती मदत राहत नाही, ते संकट होते.

यातून पहिल्यांदा सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा. घराचा महिन्याचा खर्च 42,000 असेल तर हे 2,52,000 होतात आणि 5,28,000 उरतात. मग पुढच्या दोन वर्षांत नक्की येणारे खर्च वजा करायचे. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च मिळून 3,00,000 लागणार आहेत आणि पावसाळ्याआधी कौले उतरवून छप्पर दुरुस्त करायला 60,000 लागतील. हे वजा केल्यावर उरतात 1,68,000. या घराला बुडाले तरी चालतील असे पैसे एवढेच आहेत. मागणी चार लाखांची आहे आणि खात्यात जवळपास आठ लाख आहेत, म्हणून चार लाख देता येतील असे वरवर वाटते. प्रत्यक्षात चार लाख दिले तर मुलीची फी मेहुण्याच्या हंगामावर अवलंबून राहते.

या आकड्याला आणखी एक कसोटी लावावी. गेलेली रक्कम नेहमीच्या बचतीतून पुन्हा उभी करायला किती महिने लागतील? शिक्षकांच्या घरी सगळे जाऊन महिन्याला 6,000 शिल्लक राहत असतील तर 1,50,000 भरून यायला 25 महिने लागतात. दोन वर्षांच्या आसपास असेल तर मी ती रक्कम मान्य करतो, आणि तीन वर्षांच्या पुढे गेली तर कमी करतो. ही माझी स्वतःची मर्यादा आहे. ज्याच्या निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत त्याने ती आणखी खाली आणावी. इथे दोघांनी 1,50,000 हा आकडा ठरवला आणि उरलेले 18,000 तसेच ठेवले.

या टप्प्यावर गोव्यातल्या माणसाने एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे उत्पन्न एकाच गोष्टीवर चालते का. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांत ट्रक आणि बार्ज असलेल्या घरांनी एकमेकांना दिलेले पैसे एकाच वेळी अडकले, कारण भाऊ ट्रकवाला, मेहुणा ट्रकवाला आणि पैसे देणारा काका गॅरेजवाला अशी सगळी साखळी एकाच खनिजावर उभी होती. शिक्षकांचा पगार पर्यटनावर अवलंबून नाही, म्हणून इथे ही अडचण नाही. तेच शिक्षक हरमलला भाड्याच्या खोल्या चालवत असते तर मी त्यांना आकडा अर्धा करायला सांगितला असता, कारण हंगाम वाईट गेला तर ज्या वर्षी मेहुणा हप्ता देऊ शकणार नाही त्याच वर्षी त्यांनाही पैशांची गरज लागली असती.

दीड लाखात काम होत नसेल तर

आता रविवारी मेहुण्याला सांगायचे असते. “तुला आम्ही दीड लाख देऊ शकतो, त्याच्या वर आमच्याकडे मोकळे पैसे नाहीत” एवढे वाक्य पुरेसे आहे. फी, छप्पर आणि घरखर्चाचा हिशेब त्याच्यासमोर मांडू नये, कारण मांडला की त्यातला प्रत्येक आकडा वाटाघाटीला येतो. त्यानंतर विचारायचा प्रश्न असा की उरलेले अडीच लाख कुठून येणार आहेत. ते कुठूनच येणार नसतील तर दीड लाखाचे अर्धवट स्वयंपाकघर उभे राहील, त्यातून उत्पन्न येणार नाही आणि पैसे मात्र सिमेंटमध्ये जातील. अशा वेळी काम लहान करायला सांगावे. मेहुण्याने बांधकाम पुढच्या वर्षावर ढकलून फक्त मोठा फ्रीझर, शेगडी आणि धूर ओढणारी चिमणी घेण्याचे ठरवले, तर ते दीड लाखात बसते आणि त्याच हंगामात उपयोगी पडते. शक्य असेल तर ही रक्कम थेट उपकरणे विकणाऱ्याच्या खात्यात भरावी आणि करारपत्रात ती मेहुण्याच्या वतीने भरली असे लिहावे.

उरलेल्या रकमेसाठी तो बँकेकडे गेला तर बहुधा तो आणखी एक विनंती करील, “भावोजी, जामीन तेवढे राहा.” हे टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि बँकेला आधी कर्जदाराकडून वसुलीचा प्रयत्न करावा लागतो असेही नाही. दीड लाख उसने दिले तर तोटा दीड लाखाला थांबतो. जामीन राहिलात तर तो कुठे थांबेल हे तुमच्या हातात राहत नाही. मेहुण्यासाठी आपल्या नावावर वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण काढणे हाही त्याचाच दुसरा प्रकार आहे, कारण त्याचा हप्ता चुकला तरी तुमचा हप्ता चुकवता येत नाही.

हप्ते त्याच्या उत्पन्नाच्या चालीवर बांधावेत

“सीझन संपल्यावर सगळे परत” हे मान्य करू नये. हंगाम संपताना एकरकमी पैसे कोणाच्याच हातात राहत नाहीत. भाडे, कामगारांचा शेवटचा पगार आणि उधारी यांत ते जातात. दर महिन्याला समान हप्ता हेही चुकीचे आहे, कारण जून ते सप्टेंबर मोरजीची खाणावळ जवळजवळ बंद असते आणि त्या महिन्यांतले हप्ते हमखास चुकतात. एकदा हप्ता चुकण्याची सवय लागली की ती पुढच्या हंगामातही राहते. म्हणून पैसे 15 जुलै 2026 रोजी दिले असे धरले तर नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत दर महिन्याच्या 10 तारखेला 12,500 रुपये, असे दोन हंगाम ठरवावेत. पहिल्या हंगामात 75,000 येतात, पावसाळ्यात काही मागायचे नाही, दुसऱ्या हंगामात उरलेले 75,000 येतात आणि शेवटचा हप्ता 10 एप्रिल 2028 चा असतो.

व्याजाबद्दल दोघांनी काय ठरवले ते लिहायलाच हवे, बिनव्याजी असेल तर “बिनव्याजी” असे लिहायला हवे. नातेवाइकाकडून व्याज घ्यावे की नाही यावर मी कोणाला उपदेश करणार नाही, पण न घेण्याची किंमत माहीत असावी. वरच्या वेळापत्रकाप्रमाणे पैसे आले तर ठेवीवर 6 टक्के मिळाले असते असे धरून शिक्षकांचे एकूण सुमारे 9,000 रुपयांचे व्याज बुडते, शिवाय ठेव मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. तेवढी मदत त्यांनी समजून-उमजून केली असेल तर पुढे ती बोलून दाखवण्याची वेळ येत नाही. व्याज घेतले तर ते आयकरासाठी आपल्या उत्पन्नात दाखवावे लागते, आणि नातेवाईक-ओळखीच्यांत व्याजाने पैसे देण्याचा क्रमच सुरू झाला तर गोव्याच्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याचा प्रश्न येतो. घरातल्या एखाद्या उसनवारीला तो लागू होत नाही.

पैसे बँकेतूनच, आणि परतही बँकेतूनच

आयकर कायद्याप्रमाणे 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही, आणि हा नियम मोडल्यास घेणाऱ्यावर त्या रकमेइतका दंड बसू शकतो. म्हणजे भावाचे नाते म्हणून बहिणीच्या घरी पाकिटातून दीड लाख मोजून घेणे मेहुण्यालाच अडचणीत आणते. परतफेडीलाही असाच नियम आहे, आणि इथे बरेच जण चुकतात. हप्ता 12,500 चा आहे, वीस हजारांच्या आत आहे, म्हणून तो रोख देता येईल असे वाटते, पण त्या दिवशी एकूण देणे वीस हजार किंवा अधिक असेल तर लहान हप्ताही रोखीने परत करता येत नाही. त्यामुळे पैसे जाताना आणि येताना दोन्ही वेळा बँकेतूनच जावेत.

यूपीआयवर साधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा असते, म्हणून दीड लाख एनईएफटीने पाठवणे सोपे. पाठवताना शेरा लिहायच्या जागी “हातउसने कर्ज” किंवा त्या अर्थाचा एक शब्द जरूर लिहावा. तिथे काहीच लिहिले नाही, किंवा सवयीने “घरखर्च” असे लिहिले, की पुढे “ते ताईने मला दिले होते” असे म्हणायला जागा राहते. हप्ते येतील तेव्हाही मेहुण्याने “हप्ता 1”, “हप्ता 2” असे लिहून पाठवावेत.

करारपत्र

प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे फेडण्याचे लेखी वचन, घ्यावी की करारपत्र करावे, हा प्रश्न नवख्या माणसाला हमखास पडतो. मागणी करताच फेडण्याची प्रॉमिसरी नोट एका पानावर होते, तिच्यावर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही करतात, आणि योग्य स्टॅम्प नसेल तर अशी नोट न्यायालयात पुराव्यात घेतली जात नाही, दंड भरूनही ती दुरुस्त होत नाही. शिवाय तिच्यावरून दावा करण्याची तीन वर्षांची मुदत नोटेच्या तारखेपासूनच मोजायला सुरुवात होते. ठरलेल्या तारखांना हप्ते यायचे असतील तर ही नोट त्या व्यवहाराशी जुळत नाही, आणि करारपत्राबरोबर नोटही घेतली तर कोणता कागद खरा याचा घोळ होतो. म्हणून हप्त्यांच्या उसनवारीला मी फक्त करारपत्र करतो. ते स्टॅम्प पेपरवर असावे. किती किमतीचा लागेल हे नोटरी सांगतो. हा पेपर सहीच्या दिवशी किंवा आधी घेतलेला असावा, नंतरचा नव्हे. त्याची नोंदणी करावी लागत नाही. नोटरी करून घेतले तर सही कोणाची हा वाद मिटतो, पैसे वसूल करून देणे हे नोटरीचे काम नसते.

मजकूर असा साधा ठेवावा:

“आम्ही खाली सही करणारे कर्जदार पती-पत्नी असे लिहून देतो की आम्ही लिहून घेणार पती-पत्नींकडून 1,50,000 रुपये (अक्षरी रुपये एक लाख पन्नास हजार फक्त) मोरजी येथील खाणावळीसाठी उपकरणे घेण्याकरिता बिनव्याजी कर्जाऊ घेतले असून ही रक्कम 15 जुलै 2026 रोजी एनईएफटीने मिळाली आहे. ही देणगी नाही. ही रक्कम आम्ही प्रत्येकी 12,500 रुपयांच्या 12 हप्त्यांनी, नोव्हेंबर 2026 ते एप्रिल 2027 आणि नोव्हेंबर 2027 ते एप्रिल 2028 या महिन्यांच्या 10 तारखेस, बँकेमार्फत परत करू. सलग दोन हप्ते चुकल्यास लिहून घेणारांस उरलेली संपूर्ण रक्कम एकदम मागता येईल. तारखांत बदल करावयाचा झाल्यास तो लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सहीनेच होईल. आमच्यापैकी कोणी मयत झाल्यास हे देणे वारसांना मिळणाऱ्या मालमत्तेतून फेडले जाईल.”

याखाली दोन्ही जोडप्यांच्या, म्हणजे चौघांच्या सह्या, पत्ते, पॅन क्रमांक आणि बँकेचा व्यवहार क्रमांक घालावा. मेहुण्याच्या पत्नीची सही घेताना घरात भुवया उंचावतात हे मला माहीत आहे. पण गोव्यात मालमत्ता सामाईक असते, म्हणून हे देणे दोघांचे की त्याच्या एकट्याचे हा प्रश्न पुढे निघाला तर तिच्या सहीने तो तिथेच मिटतो, आणि आपल्या घरावर काय देणे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणे तिच्याही हिताचे आहे. साक्षीदार दोन असावेत, शक्यतो ज्यांचा या पैशांशी काही संबंध नाही असे. सासऱ्यांना साक्षीदार करू नये, कारण वाद झाला तर त्यांना मुलगा आणि लेक-जावई यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते. मूळ प्रत देणाऱ्याकडे राहते, झेरॉक्स घेणाऱ्याकडे जाते.

कागद मराठीत केला तरी चालतो. कर्जदाराला वाचता येईल ती भाषा वापरावी हे महत्त्वाचे. ही प्रत घरातल्या ठेवींच्या पावत्यांसोबत ठेवावी आणि पत्नीला आणि मुलीला ती कुठे आहे हे सांगून ठेवावे. देणाऱ्याचाच मृत्यू झाला तर इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांतील वाटणीच्या न्यायालयीन, कामात त्याच्या मालमत्तेची यादी करताना येणे असलेले पैसेही दाखवावे लागतात, आणि ज्याचा कागदच कोणाला माहीत नाही ते येणे यादीत येत नाही.

धनादेश तारण म्हणून घ्यावेत का, हेही लोक विचारतात. सख्ख्या मेहुण्याकडून मी घेत नाही, पण घ्यायचेच असतील तर दीड लाखाचा एकच कोरा धनादेश घेऊ नये, प्रत्येक हप्त्याचा वेगळा घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे की धनादेश दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि तरीही पूर्ण रकमेचाच धनादेश बँकेत टाकला, तर तो न वटल्याबद्दलचा फौजदारी गुन्हा लागत नाही. त्याशिवाय धनादेश तारखेपासून तीन महिन्यांत टाकावा लागतो, परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस वाट पाहावी लागते. यातली एक तारीख चुकली की सगळे फुकट जाते.

हप्ता चुकू लागला तर

अडचण आहे हे हप्ता चुकण्याआधीच कळते. 10 तारखेच्या आधी तो स्वतः फोन करून “या महिन्यात जरा उशीर होईल” म्हणत असेल तर काळजीचे कारण नाही. तारीख गेल्यावर फोन उचलत नसेल, पहिला हप्ता येण्याआधीच आणखी पन्नास हजार मागत असेल, किंवा फ्रीझरऐवजी खाणावळीपुढे नवी मोटरसायकल उभी दिसली, तर समजावे की कागद लवकरच उपयोगी पडणार आहे. दुसरी रक्कम कितीही छोटी असली तरी पहिल्याचे निदान सहा हप्ते येईपर्यंत देऊ नये.

समजा चार हप्ते आले आणि पाचवा चुकला. 50,000 आले, 1,00,000 उरले. आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदत. चुकलेल्या हप्त्यासाठी दावा करायला त्या हप्त्याच्या तारखेपासून तीन वर्षे असतात. उरलेल्या रकमेबद्दल कोणती तारीख धरायची यावर वकील भांडू शकतात, म्हणून आपण सुरक्षित बाजूला राहून पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून तीन वर्षे धरावीत. ही मुदत संपण्याआधी कर्जदाराने “माझ्याकडे आजअखेर 1,00,000 रुपये देणे आहे” असे लिहून सही केली तर त्या सहीच्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. त्याने काही रक्कम फेडली आणि त्या फेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असेल तरीही असेच होते. म्हणून मी दरवर्षी एप्रिलमध्ये, हंगाम संपता संपता, एका साध्या कागदावर बाकी लिहून दोघांच्या सह्या घेतो. वातावरण चांगले असते तेव्हा ही सही सहज मिळते. संबंध बिघडल्यावर ती मागणे म्हणजेच भांडण असते. मोबाइलवरच्या “हो, देतो” या संदेशावर विसंबू नये. तो जपून ठेवावा, पण त्याला सहीची जोड हवी.

हंगामच बुडाला असेल, तर नव्या तारखांचे एक पान करून चौघांच्या सह्या घ्याव्यात आणि ते मूळ कागदाला जोडावे. पैसे असून तो देत नसेल तर वकिलामार्फत मागणीची नोटीस आणि मग दिवाणी न्यायालय हा मार्ग आहे. लेखी करारावरच्या ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत लवकर चालणाऱ्या दाव्याची सोय आहे, ज्यात प्रतिवादीला बचाव मांडायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. एक लाखासाठी पत्नीच्या भावावर दावा करावा का, हे ठरवताना वकिलाची फी, हेलपाटे आणि दोन्ही घरांची चवथ हे सगळे जमेला धरावे लागते. रक्कम सुरुवातीलाच बुडाली तरी चालेल अशी ठरवली असेल तर हा निर्णय रागात घ्यावा लागत नाही.

पैसे सोडून द्यायचे ठरले तर तेही लिहूनच सोडावेत. “उरलेले 1,00,000 रुपये आम्ही सोडून दिले आहेत, यापुढे मागणी नाही” असे तारखेसह लिहून चौघांच्या सह्या कराव्यात, कारण न लिहिता सोडलेले पैसे दर समारंभात कोणाच्या तरी तोंडी येतात. आपल्याच मुलाला दिलेले कर्ज सोडताना मात्र इतर मुलांचा विचार करावा, कारण गोव्याच्या वारसा कायद्यात एका अपत्याला दिलेली देणगी पुढे वाटणीच्या वेळी हिशेबात धरली जाते.

सगळे हप्ते आले तर शेवटच्या हप्त्यानंतर मूळ करारपत्रावर “संपूर्ण रक्कम मिळाली, काही येणे बाकी नाही” असे लिहून, तारीख घालून, दोघा पती-पत्नींनी सही करावी, त्याचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ कागद मेहुण्याच्या हाती द्यावा. धनादेश घेतले असतील तर तेही मोजून त्याच वेळी परत द्यावेत.